शुभेच्छेतले नाव बदलून पाहा

गेल्या वर्षी आषाढात एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सांगलीच्या गणपती पेठेत त्याच्या घराण्याचे किराणा मालाचे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि त्याने मार्केट यार्डाच्या बाजूला आपले स्वतंत्र दुकान थाटले. पेठेतले जुने दुकान मोठ्या काकांकडे राहिले. त्या काकांची पंचाहत्तरी आठ दिवसांवर आली होती. घरातल्या प्रत्येकाने दोन-चार ओळी लिहून द्यायच्या आणि त्या एका वहीत चिकटवून ती वही काकांच्या हाती द्यायची, असे थोरल्या चुलत भावाने ठरविले होते. याच्याकडेही निरोप आला होता.

"बाई, लिहिलंय काहीतरी. पण वाचलं की वाटतं, हे मी लिहिलेलंच नाही," असे म्हणून त्याने घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. "आणि काका वाचून एवढंच म्हणतील, की पोरानं दुकानातून कार्ड आणलं."

त्याची काळजी समजण्यासारखी होती. वाटणीनंतर दोन्ही घरांत जाणे-येणे कमी झाले होते. भांडण असे नव्हते. पण दीड वर्षात हा काकांच्या घराचा जिना चढला नव्हता. अशा वेळी लिहिलेल्या चार ओळी कोरड्या निघाल्या, तर अंतर होते त्याहून वाढते. न लिहिलेले एक वेळ माणूस समजून घेतो, पण उपचारापुरते लिहिलेले लक्षात ठेवतो.

कागदावर असे होते:

"आदरणीय काका, आपण आमच्या कुटुंबाचे आधारवड आहात. आपले प्रेमळ, कष्टाळू आणि हसतमुख व्यक्तिमत्त्व आम्हा सर्वांसाठी प्रेरणास्थान आहे. आपल्या मार्गदर्शनाशिवाय आमचे पानही हलत नाही. आपली सर्व स्वप्ने पूर्ण होवोत, आपणांस सुख, समृद्धी, उत्तम आरोग्य व उदंड आयुष्य लाभो आणि हा आनंदाचा दिवस आपल्या जीवनात वारंवार येवो, हीच प्रार्थना. अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. भाषा प्रौढ होती. सभेत वाचला असता तर टाळ्याही मिळाल्या असत्या. तरीही त्याचा संशय बरोबर होता. तो संशय कोणत्या शब्दांमुळे येत होता, हे आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी शोधून काढले. तो शोध इथे सांगते, कारण हा प्रसंग प्रत्येक घरात वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच.

कार्डाला नाव का नसते

मी त्याला आधी एवढेच करायला सांगितले: "काका या शब्दाच्या जागी 'सर' लिही आणि वाच." त्याने वाचले. मग 'मामा' लिहून वाचले, मग नगरसेवकाचे नाव घालून वाचले. कुटुंबाऐवजी प्रभाग एवढा एक बदल केला की सगळे चपखल बसत होते. तो स्वतःच हसू लागला.

हा दोष त्याच्या लेखणीचा नव्हता. तो त्या भाषेच्या जन्मापासूनचा आहे. व्यापारी तत्त्वावर छापलेले पहिले नाताळ-कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल नावाच्या एका उद्योगी गृहस्थाला इतक्या परिचितांना स्वतंत्र पत्रे लिहिणे जमेना, म्हणून त्याने जॉन हॉर्सले या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि सुमारे हजार प्रती छापल्या. त्या कार्डावर शुभेच्छेचा मजकूर छापलेला होता; घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव घालण्यासाठी मात्र मोकळी जागा सोडलेली होती. ती मोकळी जागा म्हणजेच कार्डाचे सगळे तंत्र. हजार जणांना चालेल असा मजकूर लिहायचा, तर त्यात अशी एकही गोष्ट येता कामा नये, जी एकाला लागू पडेल आणि दुसऱ्याला पडणार नाही. गाव नको, दुकान नको, सवय नको, प्रसंग नको. उरते ते काय? कोणीही कोणालाही म्हणू शकेल असे गुणवर्णन आणि सर्वांनाच हवे असलेले आरोग्य व आयुष्य.

म्हणून कार्डाचे वाक्य कधी चुकत नाही. 'आपण प्रेमळ आहात' हे वाक्य चुकीचे ठरवायचे तरी कसे? व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला हा फरक लगेच कळेल. कोरी छापील पावती कधीच खोटी नसते, कारण तिच्यावर काही लिहिलेलेच नसते. कीर्दीतली नोंद मात्र खरी किंवा खोटी ठरू शकते, कारण तिच्यात तारीख आहे, नाव आहे, रक्कम आहे. शुभेच्छेत चुकू शकेल असे निदान एक तरी वाक्य आहे का, ही माझ्या मते मसुद्याची पहिली परीक्षा. त्याच्या कागदावर तसे एकही वाक्य नव्हते.

क्रियापदे काय सांगतात

मग मी त्याला क्रियापदांखाली रेघा ओढायला लावल्या. आहात, आहे, हलत नाही, होवोत, लाभो, येवो. "यात भूतकाळ कुठे आहे?" असे विचारताच तो थबकला. एकही नव्हता.

मराठीत ही खूण फार उपयोगी पडते, आणि तिला कारण आहे. आपल्या भूतकाळी क्रियापदाला लिंग आणि वचन चिकटते. 'मी शिकलो' म्हटले की बोलणारा पुरुष आहे हे उघड होते. 'शिकले' म्हटले की स्त्री. 'तुम्ही मला वही दिलीत' म्हटले की देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू, तिन्ही जागच्या जागी खिळतात. छापील मजकूर लिहिणाऱ्याला नेमके हेच नको असते, कारण ते कार्ड मुलगाही घेणार आणि मुलगीही. म्हणून तो वर्तमानकाळात 'आहात' म्हणतो किंवा 'लाभो, मिळो, होवो, येवो' अशा आज्ञार्थाच्या आडोशाला जातो. तिथे बोलणारा दिसत नाही आणि काही घडलेलेही नसते.

तेव्हा आपला मसुदा घेऊन भूतकाळी वाक्य शोधावे. ते सापडले नाही, तर मजकूर कार्डाच्या साच्यातला आहे असे बहुधा समजावे. सापडले तरी लगेच समाधान मानू नये. 'तुम्ही आमच्यासाठी खूप कष्ट केलेत' हे वाक्य भूतकाळी आहे, पण तेही कोणत्याही काकांना चालते. भूतकाळाच्या जोडीला जागा किंवा वस्तू हवी. कष्ट कुठे केले? कोणत्या दिवसांत? हातात काय होते?

दुसरी गोष्ट संबोधनाची. मी त्याला विचारले, "काकांना तू 'आपण' म्हणतोस?" तो म्हणाला, "छे! तुम्ही म्हणतो." "आणि 'आदरणीय काका' अशी हाक कधी मारलीस?" त्यावर तो नुसता हसला. घरात जो 'तुम्ही' आहे, तो कागदावर 'आपण' झाला की आदर वाढत नाही, अंतर वाढते. आईच्या बाबतीत तर हे फारच खटकते. जिला जन्मभर 'तू' म्हटले, तिला वाढदिवशी 'आपण आमचे दैवत आहात' असे लिहिले की ती माउली वाचून क्षणभर गोंधळते. कागद मोठ्याने वाचावा आणि हे वाक्य त्या माणसासमोर उभे राहून आपल्या तोंडून निघेल का, एवढेच पाहावे. निघणार नसेल, तर ते दुसऱ्याच्या तोंडचे आहे.

काही वाक्ये तर दुसऱ्या भाषेतून आलेली असतात. 'हा दिवस वारंवार येवो' ही मूळची इंग्रजी शुभेच्छा. तिला मराठी कपडे घातले आहेत. आपल्याकडे धाकट्याने थोरल्याला द्यायच्या शुभेच्छेची रीत वेगळी आहे. धाकटा आधी नमस्कार करतो, मग आरोग्य आणि दीर्घायुष्य चिंतितो आणि आशीर्वाद मागतो. या मसुद्यात शुभेच्छा होत्या, नमस्कार कुठेच नव्हता. 'आपली सर्व स्वप्ने पूर्ण होवोत' हे वाक्यही असेच. दहावीच्या मुलीला ते शोभते. ज्यांनी दुकान मुलांच्या हाती सोपविले आहे, त्या पंचाहत्तरीच्या काकांची कोणती स्वप्ने याच्या मनात होती? त्याला एकही सांगता आले नाही. स्वतःच्या वाक्यावर विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर लिहिणाऱ्याला देता येऊ नये, ही उसनेपणाची आणखी एक खूण.

वागण्याशी मेळ

आतापर्यंतचे दोष भाषेचे होते. त्या कागदातले सर्वांत धोक्याचे वाक्य मात्र भाषेने ठीक होते: 'आपल्या मार्गदर्शनाशिवाय आमचे पानही हलत नाही.'

दीड वर्ष ज्याने काकांचे घर पाहिले नाही, त्याने हे लिहिले होते. दुकान वेगळे, गिऱ्हाईक वेगळे, मालाची खरेदी वेगळी. काकांना विचारून एकही पान हललेले नव्हते. काका हे वाचताना काय करतील? मनातल्या मनात मेळ घालतील. जिव्हाळ्याच्या माणसाची शुभेच्छा वाचताना आपण सगळेच हे करतो, शब्द एका बाजूला ठेवतो आणि वागणे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू जुळल्या तर साधे वाक्यही पुरते. शब्दांची बाजू फार जड झाली की वाचणाऱ्याला आधी नवल वाटते, मग शंका येते आणि शेवटी थोडासा अपमानही वाटतो. नात्यात सध्या जेवढे आहे, त्यापेक्षा मोठा आकडा कागदावर मांडू नये.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ठरीव शब्द दिसला की तो खोटा, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ब्रॉनिस्लॉव्ह मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले, की माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसतेच, ते नाते राखण्यासाठी असते. 'काय, बरे आहे ना?' हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नसतो. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे शब्द त्याच जातीचे आहेत. शेजाऱ्याला, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला, दूरच्या सोयऱ्याला तेवढे चार शब्द पुरतात आणि ते प्रामाणिकही असतात, कारण नातेच तेवढे आहे. तिथे ओढूनताणून आठवणी लिहिणे हाच खरा देखावा.

आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. संवत्सरीला आपण 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. शब्द ठरलेले, पिढ्यान्पिढ्या तेच. तरीही सकाळी उठून शंभर जणांना एकदम पाठविलेला तो निरोप आणि ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे त्याच्या दारात जाऊन हात जोडून उच्चारलेले तेच शब्द, यांतला फरक लहान मुलालाही कळतो. दोष शब्दांत नसतो. ते शब्द कोणाला आणि कशाबद्दल म्हटले, हे उरले की नाही, एवढाच प्रश्न असतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्याला मी 'शुभेच्छा' किंवा 'दीर्घायुष्य' हे शब्द खोडायला सांगितले नाही. चौकट ठेव, पण आत चित्र तुझे असू दे, एवढेच सांगितले.

दुसरा मसुदा

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हाची हकीकत त्याने लिहिली होती. पाणी ओसरल्यावर दुकान उघडले तेव्हा खालच्या कपाटातल्या वह्या भिजून फुगल्या होत्या. पोती, डबे, काटा, सगळ्याची नासाडी झाली होती. पण काकांनी आधी वह्या उचलल्या आणि घराच्या वरच्या मजल्यावर नेल्या. सहा दिवस ते पंख्याखाली बसून पाने सुटी करीत होते. हा त्यांच्या शेजारी बसून पानांमध्ये कागद घालत होता. येणे कोणाकडून आहे ती वही बाजूला ठेवून काकांनी देणे कोणाचे आहे ती वही आधी वाळविली. तिच्यातल्या एका पानावरून एका खेडेगावच्या शेतकऱ्याचे अकरा हजार चारशे रुपये द्यायचे राहिल्याचे निघाले. त्या शेतकऱ्याच्या घरातले कागदही पुरात गेले होते. त्याला स्वतःला रक्कम आठवत नव्हती. काकांनी ती पोचती केली.

मी वाचता वाचता थांबले. हे वाक्य जगातल्या दुसऱ्या कोणत्याही काकांना चालले नसते.

पण पान उलटल्यावर सूर बदलला होता. "वाटणीच्या वेळी माझ्याकडून काही चुकले असेल तर त्याचे वाईट वाटते, पण माझीही काही बाजू होती. तरीही तुम्ही मोठे आहात आणि मी ते कधी विसरलो नाही. त्या दिवसांत मला किती त्रास झाला हे तुम्हाला कधी कळले नाही…"

हा मसुदा उसना मुळीच नव्हता. प्रत्येक शब्द त्याच्या मनातला होता. तरीही तो वाढदिवसाला देण्याजोगा नव्हता, आणि इथे पुष्कळांची फसगत होते. कार्डाची भाषा टाळायची म्हणजे मनातले सगळे ओतायचे, असे त्यांना वाटते. वाढदिवस ज्याचा आहे त्याच्याविषयी किती वाक्ये आहेत आणि लिहिणाऱ्याविषयी किती, हे मी त्याला मोजायला सांगितले. मागच्या पानावर 'मी', 'मला', 'माझे' हे शब्द सतरा वेळा आले होते आणि 'तुम्ही' चार वेळा. शिवाय 'असेल तर', 'पण' आणि 'तरीही' हे तीन शब्द जिथे ओळीने येतात, तिथे क्षमा मागितली जात नाही; हिशेब उकरला जातो.

मी त्याला म्हटले, "हे सगळे खरे असेल. पण याला काका उत्तर कुठे देणार? वहीत चिकटवलेल्या कागदाला? घरातली वीस माणसे ती वही चाळणार. हे बोलायचे असेल तर समोर बसून बोल, आणि 'असेल तर' न म्हणता बोल. संवत्सरी महिन्या-दीड महिन्यावर आली आहे. पंचाहत्तरीच्या दिवशी त्यांच्यावर उत्तराचे ओझे टाकू नकोस."

त्याने तो भाग फाडून खिशात ठेवला. टाकला नाही, हे मला बरे वाटले.

काय ठेवले, काय काढले

मग आम्ही पुराची हकीकत समोर घेतली. तीही लांब होती. शेतकऱ्याच्या पैशांची गोष्ट त्याला अतिशय प्रिय होती, पण मी ती काढायला सांगितली. कारण असे, की वही सगळ्यांसमोर उघडणार होती आणि काकांनी ती गोष्ट आजवर चारचौघांत कधी सांगितलेली नव्हती. ज्याने जे गुपचूप केले, त्याची त्याच्याच वाढदिवशी जाहिरात करू नये. तपशील खरा असणे पुरेसे नाही. तो ज्याचा आहे त्याला उघड झालेला आवडेल का, हेही पाहावे लागते. शिवाय एका चिठ्ठीला एक प्रसंग पुरतो. दोन झाले की यादी होते, आणि यादी पुन्हा सत्काराच्या भाषणासारखी वाटू लागते.

'त्या आठवड्यात मी खरा व्यापार शिकलो' हे वाक्यही काढले. ते खोटे नव्हते. पण प्रसंग सांगून झाल्यावर त्याचे तात्पर्य सांगणे हा भाषणाचा स्वभाव आहे. त्याऐवजी मी विचारले, "आता तू तुझ्या दुकानात काय करतोस?" तो सहज म्हणाला, "मीही सकाळी देण्याची वही आधी उघडतो." म्हटले, हेच लिही. 'तुम्ही माझे प्रेरणास्थान आहात' या वाक्याला जे सांगायचे होते आणि सांगता येत नव्हते, ते या सहा शब्दांत आले होते.

शेवटी भविष्यकाळ राहिला. कार्डात भविष्याचा सगळा भार दैवावर असतो: लाभो, मिळो, येवो. लिहिणारा स्वतः काहीच करणार नसतो. तेव्हा एक वाक्य तरी असे हवे, ज्यात लिहिणारा स्वतः काही करणार आहे आणि ते केले नाही तर तो खोटा पडणार आहे. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने लिहिले.

शेवटचा कागद असा झाला:

"काका, नमस्कार.

पुराच्या वर्षी वरच्या मजल्यावर तुम्ही भिजलेल्या वह्यांची पानं सुटी करत होतात आणि मी शेजारी बसून मध्ये रद्दी घालत होतो. देण्याची वही आधी वाळवायची, येण्याची नंतर, असं तुम्ही सांगितलंत. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. आता माझ्या दुकानात मीही सकाळी देण्याची वही आधी उघडतो.

पंचाहत्तरी झाली. जिना उतरताना कठड्याला धरत जा. तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो.

वाढदिवसाला सकाळी नमस्काराला येतो."

खाली त्याचे नाव, घरात ज्या नावाने हाक मारतात ते.

पहिल्या मसुद्याशी हा ताडून पाहावा. 'लाभो' इथेही आहे. ठरीव शब्द गेलेला नाही. विशेषणे मात्र सगळी गेली आहेत. प्रेमळ नाही, कष्टाळू नाही, हसतमुख तर नाहीच. काका फारसे हसत नाहीत, हे त्याने मला नंतर सांगितले. 'आपण' जाऊन 'तुम्ही' आले. कठड्याचे वाक्य अमृतमहोत्सवाच्या थाटात बसणारे नाही, पण ते दुसऱ्या कोणासाठी लिहिलेले नाही. काकांचा गुडघा दुखतो आणि त्या घराचा जिना उभा आहे. जवळिकीचा दावाही कुठे नाही. जे एकदा घडले ते सांगितले आहे आणि जे आज चालू आहे ते सांगितले आहे, म्हणून वाटणीनंतरच्या अंतराशीही त्याचा मेळ बसतो. नाव बदलून वाचले तर पहिल्याच वाक्याला अडखळायला होते.

या परीक्षांनाही मर्यादा आहेत. प्रसंग रचून सांगता येतो, तपशील उसना घेता येतो, आणि सफाईने लिहिणारा माणूस कोरडेपणाही ओलाव्याच्या शब्दांत मांडू शकतो. उलट, ज्याला लिहिण्याची सवय नाही असा भाऊ बहिणीसाठी दुकानातले कार्ड अर्धा तास निवडतो, त्यातल्या एका ओळीखाली पेनाने रेघ ओढतो आणि खाली फक्त आपले नाव लिहितो. तिथे शब्द छापील असले तरी ती रेघ त्याची आहे. म्हणून दुसऱ्याने आपल्याला दिलेल्या शुभेच्छेची अशी चिरफाड करू नये. ही कसोटी आपल्याच मसुद्याला लावायची, तो पाठविण्यापूर्वी.

वाढदिवसाच्या दिवशी तो सकाळी साडेसातला काकांकडे गेला. वही आदल्या रात्रीच त्यांच्या हाती पडली होती. दुपारी मला त्याचा फोन आला. मी विचारले, काका काय म्हणाले?

"नमस्कार केला, तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रद्दी नव्हती रे ती. रद्दीची शाई पानांना लागली असती. टीपकागद होता, तुझ्या आजोबांच्या पेटीतला. मीच तुला काढून दिला होता."

तो थोडा खजील झाला होता. एवढे लिहून तपशीलच चुकला, असे त्याला वाटत होते. मला मात्र त्या चुकीचा आनंद झाला. छापील कार्ड हाती घेऊन 'हे असे नव्हते, असे होते' असे आजवर कोणी म्हटलेले नाही. काकांना ते म्हणता आले. त्यानंतर त्यांनी काकूंना हाक मारून दोन कप चहा ठेवायला सांगितला.